कमी रेटिंग हातात आल्यावर बैठकीत काय विचारावं?

एप्रिल ते जून हा खासगी कंपन्यांतला अप्रेझलचा हंगाम. हिंजवडी, खराडी, ऐरोली, कुठल्याही आयटी पार्कच्या कॅन्टीनमध्ये या दिवसांत एकच विषय असतो. वर्षभर घासून काम केलं, चारची अपेक्षा होती आणि पडले तीन. मॅनेजरनं अर्ध्या तासाची बैठक लावलेली असते आणि मनात एकच गोष्ट चाललेली असते, की आज त्याला समोरासमोर विचारायचंच.

विचारावं जरूर. पण काय विचारावं हे ठरवण्याआधी तो आकडा कुठे आणि कसा ठरतो, हे माहीत असायला हवं.

बहुतेक मोठ्या कंपन्यांत क्रम साधारण असा असतो. आधी कर्मचारी स्वतःचं मूल्यमापन भरतो. मग मॅनेजर त्याचं रेटिंग सुचवतो. त्यानंतर एका विभागातले सगळे मॅनेजर, त्यांचे वरिष्ठ आणि एचआर एकत्र बसतात. या बैठकीला कॅलिब्रेशन म्हणतात. वरच्या रेटिंगसाठी किती जण आणि खालच्या रेटिंगमध्ये किती जण, याची कंपनीची एक अपेक्षा असते आणि त्या मापात नावं बसवली जातात. मॅनेजरला प्रत्येक माणसाबद्दल बोलायला जेमतेम दोन-चार मिनिटं मिळतात. ज्याच्याबद्दल त्याच्याकडे ठोस उदाहरण असतं, त्याचं रेटिंग टिकतं. ज्याच्याबद्दल फक्त ‘चांगलं काम करतो, भरवशाचा आहे’ एवढंच सांगता येतं, तो एक पायरी खाली घसरतो. मग आकडे सिस्टिममध्ये गोठतात आणि त्यानंतर कर्मचाऱ्याला बैठकीला बोलावलं जातं.

म्हणजे समोर बसलेल्या मॅनेजरच्या हातात त्या क्षणी आकडा बदलण्याचा अधिकार सहसा उरलेला नसतो. अर्धा तास त्याच्याशी आकड्यावरून भांडलं, तर तो अर्धा तास स्वतःचा बचाव करतो. त्याच्याकडे असलेली सर्वांत मोलाची माहिती, म्हणजे कॅलिब्रेशनमध्ये आपल्याबद्दल नेमकं काय बोललं गेलं, ती मात्र न विचारल्यामुळे त्याच्याकडेच राहते.

हे रेटिंग अगदी अचूक मोजमाप असतं, असंही नाही. स्कलन, माउंट आणि गॉफ या संशोधकांनी 2000 साली हजारो मॅनेजरांची रेटिंग तपासली. एकाच माणसाला त्याचे वरिष्ठ, सहकारी आणि हाताखालचे लोक किती गुण देतात, हे त्यांनी पडताळलं. गुणांमधल्या फरकाचा निम्म्याहून अधिक भाग कामापेक्षा गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या पद्धतीतून आलेला होता. कुणाचा हात सैल, कुणाचा आखडता. म्हणून कमी रेटिंगला आपल्या लायकीचा दाखला समजायचं कारण नाही. पण ते पूर्ण बिनबुडाचं म्हणून झटकून टाकणंही धोक्याचं आहे, कारण बढती, पगारवाढ आणि कंपनीतल्या कंपनीत होणारी बदली याच आकड्यावर ठरते.

बैठकीत मन ताळ्यावर ठेवायचं म्हणजे काय, याचंही उत्तर संशोधनात सापडतं. क्लुगर आणि डेनिसी यांनी 1996 मध्ये अभिप्रायावरच्या अनेक दशकांच्या प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला. सरासरीनं अभिप्रायाचा फायदा होतो, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्राय मिळाल्यावर काम उलट बिघडलं. याचं कारण शोधताना त्यांनी एक मुद्दा मांडला. लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं, ‘मी असा आहे का’, ‘मला असं समजतात का’ याकडे वळलं, की अभिप्रायाचा उपयोग ओसरतो. बैठकीतलं प्रत्येक वाक्य माणसाकडून कामाकडे वळवणं हे शांत राहण्याचं सर्वांत व्यवहारी तंत्र आहे. राग गिळण्यापेक्षा ते सोपंही आहे.

एक नमुन्याचं उदाहरण घेऊ. सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या सहा जणांच्या टीमची एक लीड आहे. वर्षात तीन रिलीज वेळेवर गेली, जुन्या चाचण्यांचं ऑटोमेशन झालं आणि चार दिवसांचं काम दीड दिवसावर आलं. तिला पाचपैकी चारची खात्री होती. मिळाले तीन.

पहिल्या बैठकीत तिनं मॅनेजरला पूर्ण बोलू दिलं. वहीत त्याचेच शब्द लिहून घेतले. लिहिण्याचा दुहेरी उपयोग होतो. हात कामात असला की तोंडून घाईचं वाक्य निसटत नाही, आणि नंतर आठवणीवर विसंबावं लागत नाही. मग ती म्हणाली, “सर, मला जास्त अपेक्षा होती, त्यामुळे वाईट वाटलंय. आकड्यावर आत्ता वाद घालत नाही. पण हे रेटिंग कोणत्या दोन-तीन प्रसंगांवरून ठरलं, ते मला समजून घ्यायचंय.”

मॅनेजर आधी नेहमीचं बोलला. ओनरशिप वाढायला हवी, व्हिजिबिलिटी कमी पडते. अशा शब्दांपाशी बहुतेक बैठका संपतात, कारण ऐकणारा मान डोलावतो किंवा चिडतो. तिनं पुढचा प्रश्न विचारला. “ओनरशिप कमी पडली असा एखादा प्रसंग सांगाल? त्या वेळी मी काय करायला हवं होतं?”

आता उत्तर बदललं. “ऑक्टोबरमध्ये पेमेंटच्या मॉड्यूलमध्ये डिफेक्ट निघाला. तुझ्या टीमनं तो एका दिवसात शोधला, ते उत्तमच झालं. पण क्लायंटला पहिली मेल मला टाकावी लागली. कॅलिब्रेशनमध्ये दुसऱ्या मॅनेजरनं नेमकं हेच विचारलं, ही क्लायंटशी स्वतः बोलते का? माझ्याकडे सांगायला एकही उदाहरण नव्हतं.”

या एका उत्तरात वर्षभराचं काम दडलेलं आहे. तिच्या टेस्टिंगबद्दल कुणाची तक्रार नव्हती. चार मिळणाऱ्या लीडकडून क्लायंटसमोर उभं राहण्याची अपेक्षा होती आणि ती अपेक्षा तिला कुणी स्पष्ट सांगितली नव्हती. दुसरी गोष्टही उघड झाली. ऑटोमेशनमुळे वाचलेले अडीच दिवस तिनं स्वतःच्या मूल्यमापनात लिहिलेच नव्हते. तिथे फक्त ‘ऑटोमेशन पूर्ण केले’ असं एक वाक्य होतं. मॅनेजरला कॅलिब्रेशनमध्ये आकडा सांगायचा होता, तो त्याच्याकडे नव्हता.

तिनं आणखी एक प्रश्न विचारला. “चार मिळालेल्या लीडच्या कामात काय वेगळं दिसलं?” इथे नाव घ्यायचं नाही, हे पथ्य महत्त्वाचं. ‘अमुकला चार कसे’ असं विचारलं की मॅनेजर गोपनीयतेचं दार लावून घेतो. कामाबद्दल विचारलं तर तो सांगू शकतो.

पहिली बैठक इथेच थांबवलेली बरी. “मला यावर विचार करायला चार-पाच दिवस द्या, पुढच्या आठवड्यात अर्धा तास मिळेल का?” एवढं बोलून उठावं. यामागे जुना अनुभव आहे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत मेयर, के आणि फ्रेंच यांनी अप्रेझलच्या बैठकांचा अभ्यास केला आणि 1965 मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त निष्कर्ष मांडले. टीका झाली की माणसं बचावात शिरत आणि ज्या बाबतीत टीका झाली तिथली सुधारणा उलट कमी होई. ठरावीक, स्पष्ट उद्दिष्टं ठरवली की कामगिरी सुधारे. त्यांची शिफारस होती की पगाराची चर्चा आणि सुधारणेची चर्चा एकाच बैठकीत करू नये. साठ वर्षांनंतरही पुष्कळ कंपन्या दोन्ही एकाच अर्ध्या तासात उरकतात. कंपनी करत नसेल, तर कर्मचाऱ्यानं स्वतःच त्यांची फारकत करावी.

दुसऱ्या बैठकीला ती एक पान घेऊन गेली. त्यात दोनच गोष्टी होत्या. जुलैच्या रिलीजपासून डिफेक्टच्या स्थितीची मेल क्लायंटला ती स्वतः पाठवेल, मॅनेजर फक्त कॉपीत राहील. त्यानंतरच्या रिलीजपासून क्लायंटसोबतचा साप्ताहिक कॉल ती चालवेल, पहिले दोन कॉल मॅनेजर सोबत बसेल. दर महिन्याला पंधरा मिनिटं आढावा. आणि सहामाही आढाव्याच्या आधी, ज्या दुसऱ्या मॅनेजरनं शंका काढली होती, त्याला एखाद्या कॉलमध्ये बसवायचं.

हा शेवटचा मुद्दा अनेकांच्या ध्यानात येत नाही. रेटिंग एकटा मॅनेजर ठरवत नसेल, तर काम एकट्या मॅनेजरला दिसून भागत नाही.

मॅनेजरकडून काय मागायचं, यातही फरक करायला हवा. ‘पुढच्या वर्षी चार नक्की देतो’ हे आश्वासन त्याच्या एकट्याच्या हातात नाही, त्यावर विसंबू नये. संधी देणं मात्र त्याच्या हातात आहे. कोणतं काम, कोणत्या महिन्यापासून, कुणासमोर, एवढं ठरवून घ्यावं आणि त्याच दिवशी चार ओळींची मेल टाकावी: ‘आज आपण असं ठरवलं, माझ्याकडून काही राहिलं असल्यास कळवावं.’ वर्षाच्या मध्यात मॅनेजर बदलला, आणि तो बदलतोच, तर नव्या माणसासमोर ठेवायला ही मेल लागते.

सगळ्याच बैठका अशा सरळ जात नाहीत. तीनदा विचारूनही एकही प्रसंग सांगता आला नाही, तर रेटिंगमागे कामाचं कारण नसण्याची शक्यता मोठी. जागा कमी होत्या, किंवा मॅनेजरनं बाजू मांडलीच नाही. अशा वेळी सुधारणेची यादी करत बसण्यात अर्थ नाही. मॅनेजरच्या वरिष्ठाशी बोलावं, किंवा कंपनीतच दुसऱ्या टीमचा शोध घ्यावा. रेटिंगमध्ये तथ्याची चूक असेल, एखादा प्रकल्प धरलाच नसेल किंवा दुसऱ्याची चूक आपल्या नावावर पडली असेल, तर तो तोंडी वादाचा विषयच नाही. तारखा आणि पुराव्यासह लेखी आक्षेप द्यावा. सिस्टिममधलं स्वीकृतीचं बटण दाबण्यापूर्वी त्याचा अर्थ ‘मिळालं’ असा आहे की ‘मान्य आहे’ असा, हे एचआरला विचारून घ्यावं आणि शेरा लिहायची जागा असेल तर ती कोरी सोडू नये.

सरकारी नोकरीत हा हक्क न्यायालयातून आला आहे. सीमा रस्ते विभागातले अभियंता देव दत्त यांच्या बढतीसाठी सलग पाच वर्षं ‘व्हेरी गुड’ शेरा लागत होता. 1993-94 सालचा त्यांचा शेरा फक्त ‘गुड’ होता आणि तो त्यांना कधी कळवलाच नव्हता. त्यामुळे बढती हुकली. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की शेरा वाईट असो वा चांगला, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारनं आदेश काढून संपूर्ण अहवाल दाखवणं आणि त्यावर म्हणणं मांडायला 15 दिवस देणं बंधनकारक केलं.

खासगी कंपन्यांत ही मुदत प्रत्येकीच्या धोरणानुसार वेगळी असते. काही ठिकाणी ती मोजक्याच दिवसांची असते आणि पत्राच्या तारखेपासून सुरू होते. म्हणून रेटिंगचं पत्र आल्या दिवशीच ती मुदत तपासा, आणि मॅनेजरकडे दुसऱ्या बैठकीची वेळ तिच्या आतली मागा.