पैसे कापले गेले, दुकानात मात्र ‘फेल’

किराणा दुकानात क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला, 1,840 रुपये वजा झाल्याचा बँकेचा मेसेजही आला. दुकानदाराचा साउंडबॉक्स मात्र गप्प. “माझ्याकडे आलेच नाहीत, परत करा,” असं तो म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो. मग पैसे आहेत कुठे?

यूपीआयचा व्यवहार दोन टप्प्यांत होतो. आधी एनपीसीआयच्या यंत्रणेतून तुमच्या बँकेला निरोप जातो, की या खात्यातून इतके वजा करा. बँक पिन आणि शिल्लक तपासते, रक्कम वजा करून होकार कळवते. मग दुकानदाराच्या बँकेला निरोप जातो, की इतके जमा करा. गडबड बहुतेक वेळा या दुसऱ्या टप्प्यात होते.

दुकानदाराच्या बँकेने स्पष्ट नकार दिला, तर काम सोपं असतं. यंत्रणा तुमच्या बँकेला रक्कम परत जमा करायला सांगते आणि पैसे अनेकदा काही मिनिटांतच येतात. खरी पंचाईत होते ती त्या बँकेकडून वेळेत काहीच उत्तर आलं नाही तर. कदाचित पैसे जमा झाले असतील आणि फक्त उत्तर वाटेत अडकलं असेल. कदाचित जमाच झाले नसतील. अशा वेळी घाईने तुमचे पैसे परत केले आणि तिकडे दुकानदारालाही मिळाले, तर ती रक्कम भरणार कोण? म्हणून दोन्ही बँकांच्या नोंदी ताडून पाहिल्या जातात आणि त्यानंतरच रक्कम एका बाजूला लागते. ॲपवर ‘पेंडिंग’ दिसतं ते याच काळात.

हे किती दिवस चालावं, याला रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात मर्यादा घातली. दुकानाला पैसे देताना खात्यातून रक्कम गेली पण दुकानाला खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराचा दिवस सोडून पाच दिवसांत ती आपोआप परत आली पाहिजे. कार्डमशीनवर पावती निघाली नाही, तरी हीच मुदत. एका व्यक्तीने दुसरीला यूपीआयने पाठवलेल्या पैशांसाठी मुदत एकच दिवस आहे. मुदत उलटली की दर दिवसाला 100 रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने तक्रार केली नाही तरी बँकेने स्वतःहून द्यायची. हा शेवटचा भाग फार थोड्यांना ठाऊक असतो, याची मला खंत वाटते.

आपले 1,840 रुपये 5 तारखेला गेले असं धरू. दिवस मोजायचे ते कॅलेंडरचे, त्यात रविवारही आला. म्हणजे मुदत 10 तारखेला संपते. पैसे 13 तारखेला आले, तर तीन दिवसांचे 300 रुपये तुमचे. मात्र चूक ग्राहकाची नसावी. चुकीच्या माणसाला पैसे पाठवले असतील, तर हा नियम लागू होत नाही.

कधी कधी पैसे दुकानदाराच्या खात्यात पोहोचलेले असतात, फक्त साउंडबॉक्सला नेटवर्क नसल्यामुळे तो बोलत नाही. मग आपोआप परत येण्यासारखं काही उरतच नाही. दुकानदारालाच ते परत करावे लागतात, नाहीतर मालापोटी धरावे लागतात. ओळखायचं कसं? ॲपमधला व्यवहार उघडा. ‘सक्सेसफुल’ दिसत असेल, तर त्याखालचा बारा आकडी यूपीआय व्यवहार क्रमांक दुकानदाराला दाखवा आणि त्याला त्याच्या बँकेच्या नोंदीत तो शोधायला सांगा. ‘पेंडिंग’ असेल, तर लगेच दुसऱ्यांदा स्कॅन करू नका. पहिला व्यवहार मागाहून पूर्ण झाला, तर दुकानाकडे दुप्पट रक्कम जाते. थांबायला वेळ नसेल, तर रोख द्या आणि बिलावर तसं लिहून घ्या, म्हणजे पुढे पैसे जमा झाले तर मागता येतात.

मुदतीनंतरही रक्कम आली नाही, तर ॲपमधल्या त्याच व्यवहारावर तक्रार नोंदवा आणि बँकेलाही लेखी कळवा, क्रमांक आणि तारीख देऊन. बँकेने तक्रार फेटाळली किंवा 30 दिवस उत्तरच दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, आणि त्याला काही पैसे पडत नाहीत.

या दिवसांत भामटे टपून बसलेले असतात. इंटरनेटवर शोधलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर फोन करू नका. नंबर बँकेच्या पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्या. “रिफंडसाठी पिन टाका” असं कोणी म्हणालं, तर तिथेच फोन ठेवा. यूपीआय पिन लागतो तो पैसे खात्यातून बाहेर जाताना आणि शिल्लक पाहताना. पैसे खात्यात यायला तो कधीच लागत नाही.