चाळीतला कांदा आणि गुंतवणूकदाराचे दोन प्रश्न

बाजारभावाचं अ‍ॅप घेऊन नाशिकच्या एखाद्या गुंतवणूकदारासमोर बसणाऱ्याला पहिला प्रश्न ठरलेला असतो: सरकारचे भाव फुकट मिळतात, मग तुमचे कोण पाहील? प्रश्न रास्त आहे. ‘अ‍ॅगमार्कनेट’ आणि राज्याचं पणन मंडळ बाजार समित्यांचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर देतातच.

पण चाळीत उन्हाळ कांदा साठवलेल्या निफाडच्या शेतकऱ्याला वेगळी माहिती हवी असते. आज सकाळच्या लिलावात लासलगावला त्याच्या प्रतीच्या कांद्याला काय मिळालं, पिंपळगावला काय मिळालं, आणि हे ट्रॅक्टर भरण्याआधी कळायला हवं. किमान-कमाल दरांच्या मध्ये गोल्टीपासून निवडक मालापर्यंत सगळं येतं. शिवाय कांदा थांबू शकतो, टोमॅटो नाही. म्हणून सुरुवात कांद्याने करणं शहाणपणाचं.

इथे एक जुना अनुभव लपवू नये. ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ने 2007 मध्ये महाराष्ट्रात एसएमएसने भाव पुरवायला सुरुवात केली. फाफशां आणि मिंटेन या संशोधकांनी राज्यातल्या शंभर गावांत तपासलं, तेव्हा शेतकऱ्यांना मिळणाऱ्या सरासरी दरात ठळक फरक आढळला नाही. गुंतवणूकदाराने हे स्वतः शोधण्याआधी आपणच सांगावं आणि लगेच सुरुवातीचे वापरकर्ते दाखवावेत.

समजा, 240 जणांनी अ‍ॅप उतरवून घेतलं. पण दुसऱ्या महिन्यात माल विकण्याआधी भाव पाहणारे 90 निघाले. खरा आकडा 90. त्यांच्याकडून हिशोबपट्ट्यांचे फोटो मागवावेत आणि अ‍ॅपवरचा दर पट्टीवरच्या दराशी ताडून पाहावा. त्याच प्रतीच्या मालात दर वारंवार शंभर-दोनशे रुपयांनी चुकत असेल, तर लिलावात उभा असलेला आपला माणूस प्रत नीट ओळखत नाही, असं समजावं. हा दोष अ‍ॅपचं रूप बदलून जात नाही.

खर्चाचा मोठा वाटाही त्या माणसाचाच. दोन बाजारांत दोन अर्धवेळ माणसं, प्रत्येकी 7,000 रुपये धरले, तर 14,000. सर्व्हर 1,500, फोन आणि प्रवास 2,500. महिन्याला 18,000. नव्वद जणांवर विभागले तर माणशी 200 रुपये पडतात. 240 ने भागून 75 दाखवणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक. वापरकर्ते 500 झाले तरी बाजार दोनच असतील, तर खर्च जवळपास तोच राहतो आणि माणशी 36 वर येतो. तिसरा बाजार घेतला, की मात्र महिन्याचे आणखी 7,000 लागतात.

त्यामुळे मागणी नेमकी ठेवावी: जूनपासून सहा महिन्यांसाठी 1,08,000 रुपये, बाजार दोनच. ऑक्टोबरपर्यंत विक्रीआधी भाव पाहणारे 300 झाले नाहीत, तर तिसऱ्या बाजारासाठी पैसे मागायचे नाहीत, ही अटही त्याच कागदावर लिहून द्यावी.