पिळाची चाचणी: कोन नेमका कुठे मोजायचा?

इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत माइल्ड स्टीलची गोल सळी यंत्राच्या दोन जबड्यांत घट्ट पकडतात. एक जबडा स्थिर असतो, दुसरा हळूहळू फिरतो. पीळ द्यायला किती टॉर्क लागला आणि सळी किती अंशांनी पिळली, या दोनच नोंदी हव्या असतात. त्याआधी सळीवर खडूने एक सरळ उभी रेघ ओढतात. चाचणी संपेपर्यंत ती रेघ सळीभोवती वेटोळी घालते.

सुरुवातीला टॉर्क आणि कोन एकाच प्रमाणात वाढतात. या टप्प्यातूनच शिअर मॉड्युलस मिळतो, म्हणजे पदार्थ पिळाला किती दाद देत नाही त्याचं माप. सूत्र आहे G = TL/Jθ. समजा, सळीचा व्यास 10 मिमी आहे आणि मोजणीची लांबी 100 मिमी. व्यासावरून J येतो सुमारे 982 मिमी⁴. 20 न्यूटन-मीटर टॉर्कला कोन 1.46 अंश आला, तर तो रेडियनमध्ये बदलून G साधारण 80 गिगापास्कल येतो. पोलादाचा आकडा याच्याच आसपास असायला हवा.

पण पुष्कळदा उत्तर 53 येतं. पोलाद कच्चं नसतं. चुकलेली असते कोन मोजायची जागा. यंत्राच्या तबकडीवरचा कोन एका जबड्यापासून दुसऱ्यापर्यंतचा असतो. त्यात जबड्यातली घसरण येते, सळीच्या टोकांचा पीळही येतो. 1.46 ऐवजी 2.2 अंश वाचले की G तेवढाच खाली येतो. म्हणून कोनमापक सळीच्या मधल्या भागावरच, मोजलेल्या लांबीच्या दोन टोकांना बसवावा. व्यासही मायक्रोमीटरने दोन-तीन ठिकाणी घ्यावा. J मध्ये व्यासाचा चौथा घात असतो, त्यामुळे 0.1 मिमीची चूक उत्तरात चार टक्क्यांची होते.

शिअरची ताकद मात्र शेवटच्या टॉर्कवरून काढतात, आणि इथे पाठ केलेलं सूत्र दगा देतं. समजा, 80 न्यूटन-मीटरला सळी तुटली. 16T/πd³ वापरलं तर 407 मेगापास्कल येतात. या सूत्रात ताण पृष्ठभागावर सर्वाधिक आणि मध्यावर शून्य धरलेला आहे. तुटेपर्यंत माइल्ड स्टील आतपर्यंत वाहू लागलेलं असतं आणि ताण जवळपास सगळीकडे सारखा झालेला असतो. तेव्हा 12T/πd³ हे सूत्र वास्तवाच्या जास्त जवळ जातं. त्याचं उत्तर सुमारे 306.

मग तुटलेली टोकं जरूर पाहावीत. माइल्ड स्टील सळीच्या अक्षाला काटकोनात सपाट तुटतं, म्हणजे ते शिअरनेच तुटलेलं असतं. बीड मात्र 45 अंशांच्या मळसूत्री भेगेने तुटतं, कारण ते ताणाने फाटतं. त्याची शिअरची ताकद पुरती कसाला लागायच्या आतच नमुना गेलेला असतो. म्हणून बीडाच्या चाचणीचा आकडा शिअरची ताकद म्हणून डिझाइनमध्ये वापरू नये.