व्हे प्रोटीनच्या डब्यातली दुग्धशर्करा

व्हे प्रोटीनमध्ये लॅक्टोज, म्हणजे दुग्धशर्करा, असते. ती किती उरेल हे भुकटी कारखान्यात किती वेळा गाळली आणि धुतली गेली यावर ठरते. कॉन्सन्ट्रेट आणि आयसोलेट ही त्या गाळण्या-धुण्याच्या दोन वेगवेगळ्या टप्प्यांची नावे आहेत. दोन्हींचा कच्चा माल एकच असतो.

हा कच्चा माल म्हणजे दूध फाटल्यावर सुटणारे पाणी. चीज करताना रेनेट घातले की दुधातले केसीन हे प्रथिन गोठते आणि स्निग्धांशाचा मोठा भाग त्याच्याबरोबर अडकतो. उरलेल्या हिरवट-पिवळ्या पाण्यात, म्हणजे व्हेमध्ये, न गोठणारी प्रथिने, क्षार आणि दुधातले बहुतेक सगळे लॅक्टोज येते. श्रीखंडासाठी दही फडक्यात टांगले की खाली जे पाणी ठिबकते तेही व्हेच, फक्त आंबट. कारण विरजणातल्या जिवाणूंनी लॅक्टोजच्या काही भागाचे लॅक्टिक आम्ल केलेले असते. पनीरच्या पाण्यात प्रथिने आणखी कमी असतात. पनीरसाठी दूध आधी चांगले तापवतात, त्या उष्णतेने व्हेमधले मुख्य प्रथिन केसीनला चिकटते आणि पनीरमध्येच राहते. म्हणून प्रोटीन पावडरचे कारखाने मुख्यतः चीजच्या गोड व्हेवर चालतात.

हे व्हे नुसते आटवून सुकवले तर मिळणाऱ्या भुकटीत 70 टक्क्यांहून अधिक लॅक्टोज असते आणि प्रथिने जेमतेम 12 टक्के. तिला प्रोटीन पावडरपेक्षा दुधाची साखर म्हणणे जास्त खरे. बिस्किटे आणि चॉकलेटमध्ये घटक म्हणून ‘व्हे पावडर’ लिहिलेले दिसते ती हीच.

प्रथिने वेगळी काढता येतात ती रेणूंच्या आकारातल्या फरकामुळे. व्हेमधल्या मुख्य प्रथिनाचा, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनचा, रेणू सुमारे 18,000 डाल्टन वजनाचा असतो, तर लॅक्टोजचा अवघा 342 डाल्टनचा. साधारण 10,000 डाल्टनपर्यंतचे रेणू जाऊ देणाऱ्या पडद्यावरून व्हे दाबाने फिरवले की पाणी, लॅक्टोज आणि बरेचसे क्षार पडद्यापार जातात. प्रथिने अलीकडे राहतात. याला अल्ट्राफिल्ट्रेशन म्हणतात. पलीकडे गेलेले लॅक्टोजही वाया जात नाही. त्याचे स्फटिक करून ते औषधी गोळ्यांमध्ये भरीसाठी वापरले जाते.

आकडे थोडे गोल करून 100 लिटर व्हेचा हिशेब मांडता येतो. त्यात सुमारे 700 ग्रॅम प्रथिने, 4,800 ग्रॅम लॅक्टोज आणि, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून मलई काढून घेतल्यावरही, 60 ग्रॅम स्निग्धांश उरतो. गाळत गाळत हे 100 लिटर 5 लिटरवर आणले तर प्रथिने जवळपास सगळी टिकतात. लॅक्टोज मात्र पाण्याबरोबर जात राहते. उरलेल्या पाण्यातली त्याची तीव्रता पहिल्याइतकीच असल्याने 5 लिटरमध्ये ते 240 ग्रॅम राहते. 30 ग्रॅम क्षार धरले तर हे सुकवून मिळणाऱ्या भुकटीत प्रथिने 68 टक्के भरतात.

यापुढे नुसते गाळणे कठीण जाते, कारण द्रव घट्ट होऊन पडदा तुंबतो. म्हणून त्यात 5 लिटर स्वच्छ पाणी घालून पुन्हा तेवढेच गाळून काढतात. अशा प्रत्येक धुण्यात लॅक्टोज निम्मे होते: 240 चे 120, मग 60. दोन पाण्यांनंतर एकूण घन भाग 850 ग्रॅम, त्यात प्रथिने 82 टक्के आणि लॅक्टोज 7 टक्के. बाजारात ‘80 टक्के कॉन्सन्ट्रेट’ म्हणून मिळते ते या टप्प्यावरचे. प्रत्यक्षात त्यातले लॅक्टोज साधारण 4 ते 8 टक्क्यांच्या दरम्यान असते. मात्र नुसत्या ‘कॉन्सन्ट्रेट’ या शब्दावर विसंबता येत नाही. 34 टक्के प्रथिनांचे कॉन्सन्ट्रेटही बनते आणि त्यातला निम्मा भाग लॅक्टोज असतो.

मग धूत राहिले की आयसोलेट तयार, असे वाटू शकते, पण इथे अडचण लॅक्टोजची उरत नाही. वरच्या हिशेबातून लॅक्टोज पार शून्यावर आणले तरी प्रथिने 89 टक्क्यांच्या आसपास अडकतात. स्निग्धांशाचे कण प्रथिनांहून मोठे असल्यामुळे ते पडद्याच्या अलीकडेच राहतात आणि प्रथिनांबरोबर त्यांचेही प्रमाण वाढत जाते. आयसोलेटसाठी कोरड्या वजनात किमान 90 टक्के प्रथिने लागतात, म्हणजे चरबी काढल्यावाचून गत्यंतर नाही. त्यासाठी उलट चालीचा पडदा वापरतात. मायक्रोफिल्ट्रेशनची सुमारे 0.1 मायक्रॉनची छिद्रे प्रथिनांना जाऊ देतात आणि स्निग्ध कण व जिवाणू अडवतात. त्यानंतर आणखी तीन पाणी दिले की लॅक्टोज 60 वरून साडेसात ग्रॅमवर, म्हणजे सुमारे 1 टक्क्यावर येते. दुसरा मार्ग आयन-एक्स्चेंजचा. त्यात प्रथिने विद्युतभाराच्या जोरावर रेझिनला चिकटतात, बाकीचे वाहून जाते आणि मग प्रथिने सोडवून घेतली जातात. आयसोलेटची वाढीव किंमत या जादा कामाची असते. त्यातली प्रथिने काही वेगळ्या जातीची नसतात.

ज्यांच्या लहान आतड्यात लॅक्टेज हे विकर कमी तयार होते, त्यांच्यात न पचलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात उतरते. तिथले जिवाणू ते आंबवतात, पाणी आत ओढले जाते आणि पोट फुगणे, गुडगुडणे, जुलाब असे त्रास होतात. हा सगळा मात्रेचा खेळ आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2010 मध्ये दिलेल्या मतानुसार अशा बहुतेक व्यक्तींना एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत लॅक्टोज त्रासाविना किंवा किरकोळ त्रासावर पचते. 30 ग्रॅमच्या एका मापात चांगल्या कॉन्सन्ट्रेटमधून सुमारे 2 ग्रॅम लॅक्टोज जाते, आयसोलेटमधून 0.3 ग्रॅम. 200 मिलीलिटर दुधात मात्र साडेनऊ ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज असते. महागडे आयसोलेट घेऊन ते पेलाभर दुधात घोळवणाऱ्याने स्वतःच तो फरक बुडवलेला असतो. ज्यांना थोड्याशा लॅक्टोजनेही त्रास होतो, त्यांनाच आयसोलेटचा खरा उपयोग.

डब्यावर मोठ्या अक्षरात काय छापले आहे यापेक्षा मागची घटकयादी उपयोगी, कारण त्यात घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. पुढे आयसोलेट आणि मागे पहिले नाव कॉन्सन्ट्रेटचे, असे मिश्र माल सर्रास मिळतात. पोषणतक्त्यातल्या ‘एकूण साखर’ या आकड्यातून ‘वरून घातलेली साखर’ वजा केली की लॅक्टोजचा बराच खरा अंदाज येतो. एकूण कर्बोदकांवरून तो काढू नये, कारण त्यात माल्टोडेक्स्ट्रिन आणि कोकोही मिसळलेले असतात. काही कंपन्या भुकटीत लॅक्टेज विकर घालतात. त्यामुळे लॅक्टोज फुटून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज होते, पण साखरेचा आकडा तोच राहतो. लॅक्टोज नगण्य असूनही पोट फुगत असेल, तर संशय गोडी आणणाऱ्या पॉलिओलवर किंवा इन्युलिनसारख्या तंतूंवर घ्यावा.

दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांना यातले काहीच लागू पडत नाही. ॲलर्जी प्रथिनांची असते आणि बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे तिच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. आयसोलेटमध्ये तेच सर्वाधिक एकवटलेले असते.