मदतीच्या पैशावर बँकेचा होल्ड? साहेबांना मराठी येत नसेल तर परिपत्रकाचं इंग्रजी असं करा

अतिवृष्टीची मदत खात्यात जमा झाली, पण बँकेनं ती जुन्या कर्जापोटी अडवून ठेवली, ही तक्रार गावोगावी ऐकायला मिळते. शासनाच्या कागदात वसुली करू नका असं लिहिलेलं असतं. पण शाखेतले साहेब परराज्यातले असले की मराठी कागद टेबलावर तसाच पडून राहतो. मग गावातल्या एखाद्या शिकलेल्या पोराला इंग्रजी करायला बसवतात. पोरगं शब्दाला शब्द लावतं आणि मूळ मुद्दा हरवतो.

अशा कागदात साधारण या धाटणीचं वाक्य असतं: "उक्त मदतीच्या रकमेतून बँकांनी कोणत्याही प्रकारची वसुली करू नये अथवा सदर रक्कम कर्ज खात्यात वळती करण्यात येऊ नये, याकरिता सहकार विभागाने आवश्यक ते आदेश निर्गमित करावेत."

शब्दशः केलं तर सुरुवात होते, "फ्रॉम द सेड हेल्प अमाउंट एनी टाइप ऑफ रिकव्हरी शुड नॉट बी डन". वाक्य लांबत जातं आणि कुणी काय करायचं हे शेवटपर्यंत कळत नाही.

म्हणून इंग्रजी लिहायच्या आधी तेच वाक्य घरच्या मराठीत सांगून बघावं. हुकूम कुणाला आहे? सहकार विभागाला. काय करायचं? आदेश काढायचे. कशासाठी? बँकांनी या पैशातून थकबाकी कापू नये म्हणून. मराठीत हुकूम कुणाला हे वाक्याच्या शेवटी येतं, इंग्रजीत ते आधी घ्यावं:

"द कोऑपरेशन डिपार्टमेंट मस्ट इश्यू ऑर्डर्स सो दॅट बँक्स डू नॉट रिकव्हर एनी ड्यूज फ्रॉम धिस रिलीफ मनी ऑर ॲडजस्ट इट अगेन्स्ट अ लोन अकाउंट."

'उक्त', 'सदर' यांचं 'सेड' करत बसायची गरज नाही, 'धिस' पुरतं. 'वळती करणे' म्हणजे बँकेच्या भाषेत 'ॲडजस्ट'. 'टर्न' किंवा 'डायव्हर्ट' लिहिलं तर साहेबांना वेगळंच वाटेल. सरकारी हुकमातला 'करावेत' हा सल्ला नसतो, म्हणून 'शुड'पेक्षा 'मस्ट' बरोबर.

सोपं करताना अर्थ मात्र वाढवू नये. वरच्या वाक्यात हुकूम सहकार विभागाला आहे, थेट शाखेला नाही. "शासनानं तुमच्या बँकेला आदेश दिला" असं इंग्रजीत लिहिलं, तर साहेब विचारणार, मला आलेला आदेश कुठाय? त्यामुळे कागदात आहे तेवढंच लिहावं. सहकार विभाग, जिल्हाधिकारी कार्यालय किंवा अग्रणी बँकेनं त्यावर पुढचं पत्र काढलं असेल, तर तेही मिळवून जोडावं.

काही शब्द हमखास फसवतात. पहिला 'खातेदार'. महसुलाच्या कागदात खातेदार म्हणजे जमीनधारक, 'लँडहोल्डर'. बँकेत जाणाऱ्या पत्रात 'अकाउंट होल्डर' लिहिलं, की ज्याचं बँकेत खातं आहे तो, असा अर्थ होतो. दुसरा 'आर'. सातबारावरचे ८० आर इंग्रजीत '०.८० हेक्टर' असे लिहावेत. एकर करत बसू नये, नाहीतर पंचनाम्याशी आकडा जुळणार नाही. 'अनुज्ञेय' या शब्दाला 'पेएबल' चालतं, म्हणजे देय. 'जबाबदारी तहसीलदार यांची राहील' याचं 'विल रिमेन' करू नये. सरळ "द तहसीलदार इज रिस्पॉन्सिबल" लिहावं.

कागदाचं नावही बदलायचं नाही. परिपत्रक म्हणजे 'सर्क्युलर' आणि शासन निर्णय म्हणजे 'गव्हर्नमेंट रिझोल्यूशन', म्हणजे आपला जीआर. क्रमांक आणि तारीख मुळात आहे तशीच उतरवावी. जीआरच्या शेवटी लांबलचक संकेतांक असतो, तो आकडा न् आकडा तपासून घ्यावा. त्यावरून gr.maharashtra.gov.in वर साहेबांना मूळ कागद स्वतः काढून बघता येतो.

झालेलं इंग्रजी मूळ कागद न पाहिलेल्या माणसाला वाचायला द्यावं. हुकूम कुणाला आहे, काय करायला सांगितलंय आणि कोणत्या पैशाबद्दल, ही तीन उत्तरं त्यानं मराठीत सांगितली आणि ती मुळाशी जुळली, तर काम झालं. एक जरी अडलं तर ते वाक्य पुन्हा लिहावं.

बँकेत देताना मराठी प्रत वर आणि इंग्रजी खाली जोडावी. घरी केलेलं इंग्रजी हे फक्त समजण्यासाठी असतं, हुकूम मराठी कागदाचाच. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोचेचा शिक्का घ्यायला विसरू नये.