रिकामी टोपली, शून्य लिंबं

आम्ही दोघी बालवाडीत शिकवतो. आमच्याकडची मुलं साडेतीन ते पाच वर्षांची आहेत. आज त्यांना शून्य कसं समजावायचं ते सांगणार आहोत, कारण ह्यात आम्ही स्वतः बराच काळ चुकत होतो.

आधी आम्ही फळ्यावर एक गोल काढायचो आणि म्हणायचो, "हे शून्य." मुलं पाटीवर छान गोल काढायची, आम्हाला वाटायचं झालं काम. एकदा सहज एका मुलीपुढे रिकामी ताटली ठेवली आणि विचारलं, "ह्यात किती?" ती म्हणाली, "एक." आम्ही विचारलं, "एक काय?" ती म्हणाली, "एक ताटली!" तिचं काहीच चुकलं नव्हतं. आम्ही काय मोजायचं ते सांगितलंच नव्हतं, आणि पाटीवरच्या गोलाचा ह्या ताटलीशी संबंध आहे हे तिला कोणी दाखवलंही नव्हतं.

लहान मुलाला 'नाही' आणि 'संपलं' हे लवकर कळतं. दूध संपलं, बाबा घरी नाही, हे ते दोन वर्षांचं असल्यापासून बोलतं. पण 'किती?' ह्या प्रश्नाचं उत्तर 'शून्य' असू शकतं, म्हणजे शून्य हीसुद्धा एक, दोन, तीनसारखी संख्या आहे, हे त्याला उशिरा उमगतं. आपण नेमकी हीच पायरी गाळून एकदम आकडा गिरवायला देतो.

आता आम्ही गोष्टीपासून सुरुवात करतो. लागतं काय? एक टोपली आणि तीन लिंबं. लिंबंच का, तेही सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही बिस्किटं घेतली होती. ताटली रिकामी झाली तेव्हा एक छोटा मुलगा गप्प झाला आणि त्याचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, आपल्या वाटणीचं गेलं. भुकेल्या पोटी आलेल्या मुलापुढे रिकामी ताटली ठेवून गणित शिकवायचं नसतं, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. लिंबू कोणी तोंडात घालून पळत नाही. ते मुलाच्या मुठीत मावतं, आणि मणी किंवा चिंचोक्यासारखं घशात अडकायची भीतीही नाही.

गोष्ट अशी. एक लिंबूवाली आजी होती. बाजारात आली तेव्हा तिच्या टोपलीत तीन लिंबं होती. इथे थांबायचं आणि मुलांकडून लिंबं मोजून घ्यायची. मग एक काका आले. त्यांना सरबत करायचं होतं. एक लिंबू गेलं. "आता आजीच्या टोपलीत लिंबं किती?" मुलं मोजतात, "दोन." मग एक मावशी आल्या, त्यांना पोह्यांवर पिळायला हवं होतं. "आता लिंबं किती?" "एक." शेवटी एक दादा आला आणि उरलेलं लिंबू घेऊन गेला. "आता लिंबं किती?"

इथे घाई करायची नाही. टोपली सगळ्यांसमोर फिरवायची. मुलांना आत हात घालून बघू द्यायचं. कोणी म्हणतं "संपली", कोणी म्हणतं "नाहीत", कोणी नुसते हात हलवतं. सगळी उत्तरं बरोबर आहेत. मग आपण शब्द द्यायचा: "हो, लिंबं संपली. टोपलीत शून्य लिंबं." आणि गोष्ट पूर्ण करायची: आजी टोपली डोक्यावर उपडी घालून हसत हसत घरी गेली, कारण तिची सगळी लिंबं विकली गेली होती!

हा शेवट आम्ही मुद्दाम ठेवला आहे. परीक्षेत शून्य मिळालं की आपण 'भोपळा मिळाला' म्हणून हसतो. मोठ्या भावंडांकडून लहान मुलांच्या कानावर ते आधीच पडलेलं असतं. आजीच्या गोष्टीत मात्र शून्य म्हणजे आनंदाची गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही सारख्या दिसणाऱ्या तीन ताटल्या मांडतो. एकीत दोन लिंबं, एकीत एक, एकीत काहीच नाही. "शून्य लिंबं कोणत्या ताटलीत?" बहुतेक मुलं बरोबर बोट दाखवतात. पण काहींना वाटतं की रिकाम्या ताटलीचंच नाव 'शून्य' आहे. हे ओळखायचं असेल तर त्याच ताटलीत दोन चमचे ठेवायचे आणि विचारायचं, "आता ह्यात लिंबं किती?" ज्याला कळलंय तो म्हणतो, "शून्य लिंबं, दोन चमचे." ज्याला नाही कळलं तो नुसतं "दोन" म्हणतो. म्हणून प्रश्नात वस्तूचं नाव हवंच. नुसतं 'किती?' नाही, 'लिंबं किती?'

मग विचारायचं, "सगळ्यात कमी लिंबं कुठे?" इथे शून्य ओळखणारी मुलंही एक लिंबाची ताटली दाखवतात. त्यांच्या मनात मोजणी एकपासून सुरू होते, म्हणून सगळ्यात लहान एकच. अशा वेळी 'चूक' म्हणू नका. पुन्हा आजीची गोष्ट खेळा आणि तीन, दोन, एक, शून्य असं उतरत या. प्रत्येक वेळी एक लिंबू कमी होतं, हे हातानं केल्यावर शून्य एकच्याही खाली आहे हे हळूहळू पटतं. काहींना आठवडा लागतो, काहींना कित्येक महिने. साडेतीन वर्षांच्या मुलाला हे जमलं नाही तर काळजीचं कारण नाही.

एक चूक आम्ही हौसेनं केली होती, ती तुम्ही टाळा. वस्तू मोजताना आम्ही 'शून्य, एक, दोन' अशी सुरुवात करायला शिकवलं. मुलांनी पहिल्या लिंबावर बोट ठेवून 'शून्य' म्हटलं आणि तीन लिंबं मोजून उत्तर आलं दोन! वस्तूंवर बोट ठेवून मोजताना एकपासूनच सुरुवात करायची. शून्य येतं ते बोट ठेवायला काहीच नसतं तेव्हा.

खरंच समजलं का, हे बघायला आमचा एक खेळ आहे. "तीन टाळ्या वाजवा. एक टाळी वाजवा. शून्य टाळ्या वाजवा!" पहिल्यांदा दोनचार टाळ्या पडतातच. मग सगळा वर्ग हात धरून गप्प बसतो आणि एकमेकांकडे बघून हसू लागतो.

हे सगळं झाल्यावरच आकडा. दोन ठिपक्यांच्या चिठ्ठीमागे २, एका ठिपक्याच्या मागे १, कोऱ्या चिठ्ठीमागे ०. मुलं प्रत्येक ताटलीपुढे तिची चिठ्ठी ठेवतात. आता तो गोल नुसतं चित्र राहत नाही. दहातलं शून्य मात्र इतक्यात नको. तिथे ते वेगळं काम करतं, आणि ते समजायला आधी दहादहाचे गठ्ठे करता यायला हवेत.

मैत्रिणींनो, घरी टोपलीच हवी असं नाही. रात्री सगळ्यांची जेवणं झाली की मुलाला पोळ्यांचा डबा उघडून बघायला सांगा आणि विचारा, "पोळ्या किती उरल्या?" एखाद्या दिवशी तो आत डोकावून म्हणेल, "आई, शून्य पोळ्या!" तेव्हा लगेच पाटी पुढे करू नका. उद्या त्याच डब्यात एक पोळी ठेवा आणि पुन्हा विचारा.