रेकॉर्डेड लेक्चरचा नकाशा कसा काढायचा? फाउंड्रीवरच्या ५२ मिनिटांची गोष्ट

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझे २४ कास्टिंग वाया गेले. मशीन बिघडलं नव्हतं आणि मटेरियलही ठीक होतं. ज्या लेक्चरच्या आधारे मी प्रयोग आखला, त्याच्या नोट्स मी चुकीच्या पद्धतीने काढल्या होत्या. रिसर्चला सुरुवात करताना तुम्हीही तासन् तास रेकॉर्डेड लेक्चर्स ऐकणार आहात, म्हणून ही गोष्ट सविस्तर सांगतो.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी ग्रे आयर्नच्या कास्टिंगमधल्या श्रिंकेजवर काम करत होतो. श्रिंकेज म्हणजे मेटल गोठताना आत राहणारी पोकळी. बाहेरून कास्टिंग चांगलं दिसतं, पण मशीनिंगला गेलं की टूलखाली भोकं उघडी पडतात आणि अख्खा नग रिजेक्ट होतो. त्या विषयावर एका अनुभवी फाउंड्री इंजिनिअरनी आम्हाला लेक्चर दिलं होतं. त्यांच्या परवानगीने मी ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं. लांबी ५२ मिनिटं.

पहिला कागद: वेळेप्रमाणे यादी

पहिल्यांदा मी तेच केलं जे आपण सगळेच करतो. ऐकत गेलो आणि मुद्दे खाली खाली लिहीत गेलो. यादी साधारण अशी झाली:

- ०० ते ०९ मिनिटं: वाळू, बेंटोनाइट, ओलावा, मोल्डचा घट्टपणा
- ०९ ते २० मिनिटं: मेटल, कार्बन, सिलिकॉन, ग्राफाइट
- २० ते ३३ मिनिटं: मेटल कसं गोठतं, मॉड्युलस
- ३३ ते ४४ मिनिटं: रायझर
- ४४ ते ५२ मिनिटं: दोष आणि प्रश्नोत्तरं

यादी नीटनेटकी होती आणि तिच्यात चूक एकही नव्हती. पण ती वाचल्यावर श्रिंकेज हा रायझरचा प्रश्न वाटतो, कारण दोन्ही विषय शेजारी शेजारी आले आहेत. वाळूचं प्रकरण तर नवव्या मिनिटालाच संपलेलं. म्हणून मी रायझरचे तीन आकार घेतले, प्रत्येकी आठ असे २४ कास्टिंग ओतून घेतले आणि कापून बघितले. रायझर मोठा केला तरी पोकळीत सरळ असा फरक दिसेना. त्याच रायझरचा एक नग स्वच्छ निघायचा, तर शेजारचा पोकळ.

वक्ता बोलताना एका वेळी एकच गोष्ट सांगू शकतो. त्यामुळे लेक्चर ही एक सरळ रेघ असते. विषय मात्र जाळ्यासारखा असतो. वेळेप्रमाणे काढलेली यादी त्या रेघेची नक्कल करते आणि जाळं हरवतं.

दुसरा कागद: बाराखडी बदलली

कन्सेप्ट मॅप ही पद्धत जोसेफ नोव्हाक यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात विकसित केली. मुलांची विज्ञानाची समज कशी बदलत जाते, याचा अभ्यास करताना मुलाखतींच्या ढिगातून अर्थ काढण्यासाठी त्यांना ती लागली. तिचा गाभा सोपा आहे: दोन संकल्पनांमध्ये नुसती रेघ मारायची नाही, त्या रेघेवर जोडशब्द लिहायचा. म्हणजे दोन संकल्पना आणि जोडशब्द मिळून एक पूर्ण वाक्य तयार होतं.

मी गोल आणि बाण काढत बसलो नाही. क्रमांक देऊन आउटलाइनच्याच रूपात नकाशा लिहिला. वहीत मावतो, टाइप करता येतो आणि दुरुस्त करायला सोपा पडतो. पायऱ्या अशा होत्या.

आधी एक प्रश्न ठरवला. ‘लेक्चरचा विषय काय’ हा प्रश्न चालत नाही, तो फार पसरट आहे. माझा प्रश्न होता: ग्रे आयर्नच्या कास्टिंगमध्ये पोकळी कशामुळे राहते? मग यादीतून फक्त तेवढ्याच संकल्पना उचलल्या ज्या या प्रश्नाच्या उत्तरात येतात. पंधराच्या आसपास उरल्या.

मग लेक्चर दुसऱ्यांदा ऐकलं, पण मुद्द्यांसाठी नाही. यावेळी फक्त जोडणारे शब्द पकडले: ‘त्यामुळे’, ‘नाहीतर’, ‘तरच’, ‘मगाशी म्हटलं तसं’, ‘हे पुढं लागणार आहे’. मराठीत शिकवणारा माणूस विषयांमधले दुवे बहुतेक वेळा अशाच शब्दांत टाकतो, आणि नोट्स काढताना आपण नेमके हेच शब्द गाळतो. असा शब्द आला की थांबायचं, वेळ लिहायची, आणि तो कोणत्या दोन गोष्टी जोडतोय ते लिहायचं.

त्यातून हा नकाशा आला. बाणामागचा आकडा म्हणजे दुसऱ्या फांदीवरच्या ओळीशी असलेला आडवा दुवा.

१. मेटल – थंड होताना – आकसतं
१.१ आकसल्यामुळे पडलेली तूट – भरून काढतो – रायझर
१.२ रायझर – तरच उपयोगी, जर तो – कास्टिंगच्या नंतर गोठला
१.३ गोठायला लागणारा वेळ – ठरतो – मॉड्युलसवरून

२. ग्रे आयर्न – गोठताना – ग्राफाइट तयार करतं
२.१ ग्राफाइट – जास्त जागा घेतं, म्हणून – मेटल फुगतं
२.२ ग्राफाइटचं प्रमाण – अवलंबून असतं – कार्बन आणि सिलिकॉनवर
२.३ हे फुगणं – आतूनच भरून काढतं – तूट → १.१

३. मोल्ड – धरून ठेवतो – फुगणारं मेटल → २.१
३.१ मोल्डचा घट्टपणा – ठरतो – ओलावा, बेंटोनाइट आणि दाबावरून
३.२ मऊ मोल्डची भिंत – फुगणाऱ्या मेटलपुढे – बाहेर सरकते
३.३ सरकलेली भिंत – वाढवते – भरायची जागा, म्हणजेच तूट → १.१

आता १.१ ही ओळ बघा. तिच्याकडे दोन बाण येतात, एक २.३ वरून आणि एक ३.३ वरून. तूट किती राहणार हे एकटा रायझर ठरवत नाही. ग्राफाइटचं फुगणं ती कमी करतं, आणि मऊ मोल्ड तेच फुगणं बाहेरच्या बाहेर वाया घालवतो. म्हणजे नवव्या मिनिटाला संपलेली वाळू चव्वेचाळिसाव्या मिनिटाच्या दोषात हजर होती. रायझरबद्दल बोलता बोलता वक्ता अर्ध्या वाक्यात म्हणून गेला होता की, मोल्ड दबणार असेल तर रायझरला दोष देऊ नका. पहिल्या वेळी मी ते वाक्य लिहिलंच नव्हतं.

माझ्या २४ कास्टिंगमध्ये मी रायझरचं माप काटेकोर घेतलं होतं. मोल्डच्या घट्टपणाचं रीडिंग मात्र एकाही मोल्डचं नव्हतं. ते घ्यायचं टेस्टर शॉपवरच पडलेलं होतं, मोल्डच्या भिंतीवर टेकवलं की आकडा दाखवणारं. नंतर मी राखून ठेवलेल्या नगांना व्हर्निअर लावला. पोकळ निघालेले नग उभ्या भिंतीच्या मध्यावर थोडे जाड भरत होते. ही खूण महत्त्वाची आहे. रायझर कमी पडला तर पोकळी राहते, पण कास्टिंगचं माप वाढत नाही. भिंत सरकली तर पोकळीही येते आणि मापही वाढतं. नकाशातल्या ३.३ या ओळीने मला कुठं मोजायचं ते सांगितलं.

प्रत्येक ओळ वाक्य म्हणून वाचा

नकाशा बरोबर झाला की नाही याची कसोटी अशी: प्रत्येक ओळ मोठ्याने वाक्य म्हणून वाचा आणि विचारा, हे वाक्य खोटं ठरू शकतं का? ‘मॉड्युलसचा गोठण्याच्या वेळेशी संबंध आहे’ हे वाक्य कधीच खोटं ठरणार नाही, कारण ते काही सांगतच नाही. माझ्या पहिल्या मसुद्यात १.३ ची ओळ नेमकी अशी होती. ती दुरुस्त करायला परत लेक्चरकडे जावं लागलं.

मॉड्युलस म्हणजे आकारमान भागिले थंड होणारा पृष्ठभाग, M = V/A. गोठण्याचा वेळ मॉड्युलसच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हा ख्वोरिनोव्हचा नियम. १० सेंमीचा घन घ्या: आकारमान १००० घन सेंमी, पृष्ठभाग ६०० चौरस सेंमी, मॉड्युलस सुमारे १.६७. आता २० × २० × २.५ सेंमीची प्लेट घ्या: आकारमान तेवढंच १०००, पृष्ठभागही १०००, म्हणून मॉड्युलस १. वजन सारखं असूनही घनाला गोठायला प्लेटच्या सुमारे २.८ पट वेळ लागतो. आता ओळ नीट लिहिता येते: गोठायला लागणारा वेळ – वजनावर नाही, तर – मॉड्युलसच्या वर्गावर ठरतो. हे वाक्य खोटं ठरू शकतं, म्हणून ते तपासता येतं.

आणखी दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. नकाशात एकही आडवा दुवा नसेल, तर ती तुमची जुनी यादीच आहे, फक्त आकडे घातलेली. उलट, प्रत्येक ओळीतून चार-चार बाण निघत असतील तर सुरुवातीचा प्रश्न पसरट आहे. तो कमी करा.

कोण म्हणालं, ते लिहा

शेवटची सवय मला माझ्या गाइडनी लावली. प्रत्येक ओळीपुढे दोनपैकी एक खूण करायची: वक्ता म्हणाला असेल तर मिनिट आणि सेकंद, मी जोडलं असेल तर ‘मी’. माझ्या नकाशात ३.३ च्या पुढे ‘मी’ आहे. भिंत सरकते असं वक्ता म्हणाला होता. त्यामुळे तूट वाढते हे मी त्याच्या अर्ध्या वाक्यावरून जोडलं. जोडणं चुकीचं नव्हतं, पण खूण नसती तर सहा महिन्यांनी थिसिस लिहिताना मी ते बिनदिक्कत त्यांच्या नावावर खपवलं असतं.

नकाशाची मर्यादाही इथेच आहे. तो एका माणसाच्या ५२ मिनिटांचा नकाशा आहे, फाउंड्रीचा नाही. लेक्चरमध्ये मेटल ओततानाच्या तापमानावर जेमतेम एक वाक्य होतं, म्हणून माझ्या नकाशात ते नाही. याचा अर्थ त्याचा श्रिंकेजशी संबंध नाही असा होत नाही. मेटल जितकं जास्त तापलेलं, तितकं ते गोठण्याआधीच जास्त आकसतं. ती ओळ मी नंतर पुस्तकातून घेतली आणि तिच्यापुढे पुस्तकाचं पान लिहिलं.

५२ मिनिटांच्या लेक्चरला दुसरा कागद काढायला मला तीन तास लागले. ते २४ नग ओतून, कापून, पॉलिश करून बघण्यात दोन आठवडे गेले होते. पुढच्या फेरीत रायझर एकच ठेवला आणि प्रत्येक मोल्डच्या भिंतीचं रीडिंग बॉक्स बंद करण्याआधी वहीत लिहिलं.